एका फॉन्टची तीन बिऱ्हाडे

मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ हा देवनागरी फॉन्ट छापील पुस्तकात, मोबाइलच्या ॲपमध्ये आणि संकेतस्थळावर अशा तिन्ही ठिकाणी वाचकाच्या दृष्टीस पडू शकतो. अक्षरांचे वळण सर्वत्र तेच असते, परंतु ज्या फाइलीतून ते येते तिचा प्रकार स्थलपरत्वे बदलतो, आणि या बदलाचे कारण अक्षरांच्या रूपात नसून त्यांच्या वाहतुकीत आहे.

मूळ फाइल टीटीएफ असो वा ओटीएफ, तिचे अंतरंग म्हणजे कोष्टकांचे एक दप्तर असते: `cmap` या कोष्टकात कोणत्या युनिकोड क्रमांकास कोणती आकृती याची नोंद, `glyf` मध्ये आकृत्यांच्या बाह्यरेषा, आणि `GSUB` मध्ये जोडाक्षरे घडविण्याचे नियम. ॲपलने 1991 मध्ये आणलेल्या ट्रूटाइपच्या बाह्यरेषा द्विघाती वक्रांच्या असतात. ॲडोबीच्या पोस्टस्क्रिप्ट परंपरेतून आलेल्या ओटीएफच्या त्रिघाती, आणि त्या `glyf` ऐवजी `CFF` नावाच्या कोष्टकात राहतात. छापखान्यांनी दीर्घकाळ ओटीएफला झुकते माप दिले ते या परंपरेमुळे. आजची यंत्रे दोन्ही प्रकार बिनतक्रार छापतात. शिवाय छापखान्याकडे सहसा फॉन्ट जातच नाही, पीडीएफ जाते, आणि तिच्यात वापरलेल्या आकृत्यांपुरताच फॉन्टचा अंश भरलेला असतो. फॉन्टच्या नावाआधी सहा रोमन अक्षरे व अधिकचिन्ह दिसले की तो अंश आहे, पूर्ण फॉन्ट नव्हे, हे ओळखावे.

ॲपमध्ये फॉन्ट एकदाच, ॲपसमवेतच, उपकरणावर येतो. तेथे तो मूळ टीटीएफ वा ओटीएफ रूपातच ठेवतात, कारण अँड्रॉइड व आयओएस यांना हीच रूपे अपेक्षित असतात आणि फाइलीतील हवा तो भाग त्यांना थेट वाचता येतो.

संकेतस्थळाची गोष्ट निराळी. तेथे नवा वाचक आला की फॉन्टची पाठवणी नव्याने करावी लागते, आणि ती पुरी होईपर्यंत कित्येक ब्राउझर मजकूर काही काळ अदृश्यच ठेवतात. आरंभी तर प्रश्न नुसत्या वजनाचाही नव्हता: कोणीही उतरवून संगणकावर बसवू शकेल अशी उघडी फाइल सर्व्हरवर ठेवण्यास फॉन्टचे विक्रेते राजी नव्हते. जोनाथन क्यू, टाल लेमिंग व एरिक फान ब्लोकलँड यांच्या प्रयत्नांतून 2009 मध्ये पुढे आलेल्या वॉफ या प्रकाराने दोन्ही बाजूंची सोय पाहिली. वॉफ हा नवा फॉन्ट नव्हेच. तो जुन्याच कोष्टकांवरील वेष्टन आहे, ज्यात प्रत्येक कोष्टक स्वतंत्रपणे दाबले जाते.

त्यानंतरचा वॉफ2, ज्याला डब्ल्यू3सीची शिफारस 2018 मध्ये लाभली, अधिक चतुर आहे. तो सर्व कोष्टके ब्रॉटली पद्धतीने एकत्र दाबतो. पण खरी करामत दाबण्यापूर्वीची. बाह्यरेषांवरील बिंदूंची संख्या, त्यांच्या खुणा आणि त्यांचे सहनिर्देशक मूळ फाइलीत आकृतीगणिक मिसळलेले असतात. वॉफ2 सजातीय माहिती वेगवेगळ्या प्रवाहांत लावून घेतो, त्यामुळे पुनरावृत्ती उघडी पडते व दाब अधिक बसतो. प्रत्येक आकृतीचा पत्ता सांगणारे `loca` कोष्टक तो पाठवीतच नाही, कारण ब्राउझर ते पुन्हा रचू शकतो. ही पुनर्रचना `glyf` पुरतीच असल्याने `CFF` असलेल्या ओटीएफला तिचा लाभ मिळत नाही. मात्र `CFF` मुळातच आटोपशीर असते, हेही ध्यानी धरावे.

तरीही दाबण्याआधी छाटणी करणे श्रेयस्कर. युनिकोडच्या मुख्य देवनागरी खंडात 128 जागा आहेत, परंतु जोडाक्षरे व अर्धाक्षरे धरता फॉन्टातील आकृत्या त्याहून कितीतरी अधिक होतात. मराठी संकेतस्थळास न लागणारे भाग काढून टाकण्याची आज्ञा अशी:

```
pyftsubset Mukta-Regular.ttf \
  --unicodes="U+0020-007E,U+0900-097F,U+200C-200D,U+2018-201D,U+25CC" \
  --layout-features="*" --flavor=woff2 \
  --output-file=mukta-mr.woff2
```

येथील `--layout-features="*"` हा भाग, वजन आणखी घटविण्याच्या हव्यासाने, रोमन लिपीच्या सवयीप्रमाणे `kern,liga` एवढ्यावर आणला की अनर्थ होतो: `half`, `rphf`, `akhn` हे नियम फाइलीतून जातात, अक्षरे सारी शाबूत राहतात, आणि तरी ‘क्ष’ फुटून पाय मोडलेला ‘क’ व सुटा ‘ष’ दिसू लागतो, ‘अर्थ’चा रफार उतरतो, ‘वाऱ्यावर’मधील ‘ऱ्य’ विस्कटतो. दोष फाइलीचा आकार पाहून कळत नाही, उलट आकार मनोहर वाटतो. म्हणून छाटलेल्या फॉन्टमध्ये ‘राष्ट्र’, ‘ज्ञानेश्वर’, ‘अर्थ’ आणि ‘वाऱ्यावर’ हे शब्द उमटवून पाहावेत, आणि तेही ज्या संगणकावर मूळ मुक्ता बसविलेला नाही अशा संगणकावर, कारण बसविलेला असल्यास ब्राउझर गुपचूप त्याचाच आधार घेत असण्याचा संभव असतो. सर्व्हरवर वॉफ2 फाइल पुन्हा जीझिपने दाबण्याची तजवीज कोणी केली असेल तर ती बंद करावी. तीत काही हशील नाही.