बोलून टाइप केलेले हिंदी इतिवृत्त : सही करण्यापूर्वी काय तपासाल?

राजभाषा नियम, १९७६ नुसार महाराष्ट्र ‘ख’ क्षेत्रात येतो. त्यामुळे बारामती-इंदापूर भागातील केंद्र सरकारी कार्यालयांत हिंदी इतिवृत्त लिहिण्याचे काम अनेकदा मराठीभाषक कर्मचाऱ्याकडे येते. ते बोलून टाइप केले असेल तर सही करण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासा.

की आणि कि : ‘समिति ने निर्णय लिया की कार्यशाला कि तिथि बदली जाए’ या वाक्यात दोन चुका आहेत. दोन्ही शब्द हिंदीत असल्याने शुद्धलेखन तपासणी त्या दाखवत नाही. मराठीत ‘म्हणाले की’ दीर्घच लिहितात, म्हणून आपल्या डोळ्यालाही पहिली चूक खटकत नाही. ‘शोधा’ सुविधेने प्रत्येक जागा पाहा. ‘कहा’, ‘बताया’, ‘निर्णय लिया’ यांनंतर ‘कि’ ऱ्हस्व. ‘कार्यशाला की तिथि’ अशा संबंधात ‘की’ दीर्घ. ‘में’ आणि ‘मैं’ हेही असेच तपासा.

विरामचिन्हे : ‘प्रस्ताव स्थगित नहीं स्वीकृत हुआ’ यात स्वल्पविराम ‘नहीं’नंतर दिला तर प्रस्ताव मंजूर होतो, आधी दिला तर स्थगित राहतो. हे व्याकरणावरून ठरत नाही. बैठकीतील हस्तलिखित टिपणाशी ताडूनच चिन्ह द्या. टिपण संदिग्ध असेल तर सचिवांना विचारा आणि त्यांच्या उत्तरानुसार ‘प्रस्ताव स्वीकृत हुआ।’ किंवा ‘प्रस्ताव स्थगित हुआ।’ असे सरळ वाक्य लिहा.