फीचर फ्लॅग: अर्धवट कोड आणि बंद करायचं बटण

मागच्या भागात आपण डिप्लॉयमेंट पाहिलं. आज त्यातलाच एक प्रश्न घेऊ: काम अर्धं झालंय, तरी तो कोड सर्व्हरवर पाठवायचा का? पाठवता येतो, पण तो चालू होता कामा नये. त्यासाठी फीचर फ्लॅग लागतो.

```
if flag_on("new_payment_v1", default=False):
    new_payment(order)
else:
    old_payment(order)
```

यात `default=False` नीट बघा. फ्लॅगची किंमत ज्या सेवेकडून येते तीच बंद पडली, तर काय? तेव्हा जुना, तपासलेला रस्ता चालला पाहिजे. कोड पोचवणं आणि तो चालू करणं, ही दोन वेगळी कामं आहेत. गडबड झाली की कोड परत न पाठवता फ्लॅग बंद करायचा.

आता हे कुठे फसतं ते पाहू. १ ऑगस्ट २०१२, अमेरिकेतली नाइट कॅपिटल ही शेअर दलाली कंपनी. त्यांच्या ऑर्डर पाठवणाऱ्या प्रणालीत ‘पॉवर पेग’ नावाचा जुना कोड होता. २००३ पासून तो वापरात नव्हता, पण काढलेलाही नव्हता. नवीन सुविधेसाठी त्यांनी त्याचाच जुना फ्लॅग पुन्हा वापरला. आठ सर्व्हरपैकी सातांवर नवा कोड गेला, आठवा राहिला. बाजार उघडला, फ्लॅग लावलेल्या ऑर्डर आल्या आणि आठव्या सर्व्हरवर पॉवर पेग जागा झाला. ऑर्डर पूर्ण झाली हे त्याला कळत नव्हतं, म्हणून तो ऑर्डरी पाठवतच राहिला.

खरी शिकवण पुढे आहे. गडबड दिसताच टीमने सातही सर्व्हरवरचा नवा कोड काढला. फ्लॅग मात्र येणाऱ्या ऑर्डरवर तसाच होता! मग तिथेही पॉवर पेग सुरू झाला. सुमारे ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं.

फ्लॅगचं नाव नवीन असतं, तर आठव्या सर्व्हरला ते ओळखूच आलं नसतं. म्हणून नाव कधीही पुन्हा वापरायचं नाही. फीचर स्थिरावलं की फ्लॅग आणि त्यामागची जुनी शाखा, दोन्ही काढून टाकायचं. आणि अपघाताच्या वेळी आधी फ्लॅग, मग कोड, हा क्रम आधीच लिहून ठेवायचा.

एक मर्यादाही आहे. फ्लॅग बंद केल्यावर पुढची कामं थांबतात, झालेली उलटत नाहीत. नव्या कोडने डेटाबेसमध्ये वेगळ्या रचनेत नोंदी लिहिल्या असतील, तर जुन्या कोडला त्या वाचता येतात का, हे फ्लॅग चालू करण्याआधी तपासा. टेस्ट सर्व्हरवर फ्लॅग चालू करा, चार नोंदी होऊ द्या, मग बंद करून त्याच नोंदी उघडून बघा. उघडल्या नाहीत, तर तुमचं बंद करायचं बटण अजून तयार नाही.