बाकी माल 240 नंग

वडोदऱ्यातल्या पंप कारखान्याच्या खरेदी विभागात बसून राजकोटच्या फाउंड्रीला पत्र लिहायचं, तर ते गुजरातीतच बरं. इंग्रजी मेल तिथल्या अकाउंटंटकडे जाऊन पडतो. गुजराती मेल शेठ स्वतः फोनवर वाचतात. वाचला की लगेच फोन येतो, तो अर्थातच गोड असतो. म्हणून मेल असा हवा, की गोड बोलूनही त्याचं उत्तर देणं टळणार नाही.

जुलैतलं एक प्रकरण सांगतो. पंपाच्या 400 बिडाच्या केसिंगची ऑर्डर होती, 5 जुलैपर्यंत. 4 तारखेला 160 नग आले, मग काहीच नाही. त्याआधीच्या लॉटमधल्या 18 केसिंगमध्ये लेथवर घेतल्यावर ब्लोहोल निघाले होते. ते चलन करून परत पाठवले आणि 12 जूनला डेबिट नोट काढली. नगाला 1,300 रुपये, म्हणजे 23,400, त्यावर 18 टक्के जीएसटी 4,212, एकूण 27,612. त्या लॉटचं बिल आम्ही आधीच चुकतं केलेलं, त्यामुळे ही रक्कम त्यांच्याकडून येणं.

मेलचा साचा ठरलेला आहे. विषयाच्या ओळीत ऑर्डर नंबर, ‘बाकी माल 240 नंग’ आणि डेबिट नोटची रक्कम. मग ‘माननीय भाईश्री’, ‘जय श्री कृष्ण’, आणि ‘उपरोक्त विषय अन्वये आपश्रीने जणाववानुं के’. इथपर्यंत कुणीही लिहील. घात होतो तो पुढे, ‘वहेली तके माल मोकली घटतुं करशो’ या सवयीच्या वाक्यात. लवकरात लवकर पाठवा, योग्य ते करा. त्यात तारीख नाही, नग नाहीत. म्हणजे नकार न देता वाट बघायला लावण्याची पूर्ण मुभा.

तारीखही विचार करून घालावी लागते. राजकोटमध्ये श्रावणातल्या सातम-आठमला कारखाने काही दिवस सरळ बंद असतात. जन्माष्टमीचा मेळा म्हणजे तिथली दुसरी दिवाळीच. त्या वर्षी जन्माष्टमी ऑगस्टच्या मध्यावर होती. ‘15 ऑगस्टपर्यंत पाठवा’ म्हटलं असतं तर शेठ आनंदाने हो म्हणाले असते. मी लिहिलं: 120 नग 2 ऑगस्टला, उरलेले 120 नग 9 ऑगस्टला, आणि प्रत्येक वेळी ट्रान्सपोर्टची बिल्टी व ई-वे बिलाचा नंबर त्याच दिवशी मेलवर. पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागतंच. त्याचा नंबर आला की माल निघतोय असं धरता येतं. ‘मोकलावी दीधुं समजो’ या फोनवर असा भरवसा ठेवता येत नाही.

आकडे मी इंग्रजी अंकांत ठेवतो. गुजरातीतला एकाचा अंक घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि तिकडच्या कॉम्प्युटरवर ऑर्डर नंबर शोधला तर गुजराती अंकांत लिहिलेला सापडत नाही. लिपी मात्र युनिकोडच हवी. जुन्या फॉन्टमधला मजकूर फोनवर निव्वळ कचरा दिसतो.

आता पैसे. आमच्या अकाउंट्सचं म्हणणं होतं, ‘रक्कम मिळेपर्यंत 160 नगांचं बिल रोखलं आहे, असं लिहून टाका.’ मी ते टाळलं. बिल रोखलं की माल न पाठवायला शेठना कारण मिळतं, आणि पुढचा महिनाभर आधी कोण चुकलं यावर पत्रं चालतात. शिवाय फाउंड्री लघुउद्योग म्हणून नोंदलेली. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करारातही मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. म्हणून उलटच लिहिलं: 160 नगांचं बिल 18 ऑगस्टच्या आत पूर्ण चुकतं होईल. त्यानंतर स्वतंत्र परिच्छेदात, ‘तेथी’ म्हणजे ‘त्यामुळे’ हा शब्द कुठेही न आणता, डेबिट नोटचा नंबर, तारीख, परतीच्या चलनाचा नंबर, तपासणीचे फोटो सोबत, आणि विनंती एवढीच, की 31 जुलैपर्यंत क्रेडिट नोट आणि 27,612 रुपये पाठवावेत. ‘उघराणी’ हा शब्द मी मेलमध्ये वापरत नाही, तो फोनवर ठीक. लेखी ‘बाकी रकम’. खाली ‘आपनो विश्वासु’.

फोन तासाभरात आला. कोअर बनवणारं मशीन बंद होतं, आता सुरू झालंय, वगैरे. ऐकून घेतलं आणि एवढंच म्हटलं, ‘भाई, आटलुं मेल पर लखी आपो ने.’ संध्याकाळी मेलवर दोन ओळी आल्या, दोन्ही तारखा मान्य होत्या. पैशांच्या परिच्छेदाला उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो एकटा परिच्छेद नव्या विषयाखाली, फोटोंसकट, त्यांच्या अकाउंटंटला पाठवला आणि शेठना प्रत लावली.