सीटी स्कॅन: स्लाइस पातळ हवी की जाड?

एका रुग्णाचा छाती आणि पोटाचा सीटी स्कॅन झाला आहे असे समजू. त्याच्या फुप्फुसात ३ मिलिमीटरची एक गाठ आहे आणि यकृतात १० मिलिमीटरचा एक फिकट डाग. दोन्ही एकाच स्कॅनमध्ये शोधायचे आहेत. स्लाइसच्या जाडीबद्दलचे बरेचसे गैरसमज या दोन शोधांमध्येच उघडे पडतात.

गैरसमज: जाड स्लाइसमध्ये छोटी गाठ जरा पुसट दिसते, एवढेच.

वस्तुस्थिती: ती वेगळ्याच आजाराची वाटू शकते. सीटीतला प्रत्येक ठिपका म्हणजे घनतेचा आकडा असतो. हाउन्सफिल्ड मापात पाणी ०, हवा उणे १०००, हवेने भरलेले फुप्फुस साधारण उणे ८५० आणि भरीव गाठ अधिक ४०. स्लाइसच्या जाडीत जे काही येईल त्या सगळ्याची सरासरी एकाच ठिपक्यात उतरते. आपली गाठ ५ मिलिमीटरच्या स्लाइसमध्ये पूर्ण बसली, तर तिच्या मध्यावर ३ भाग गाठ आणि २ भाग फुप्फुस मिळून आकडा येतो सुमारे उणे ३१६. ती दोन स्लाइसमध्ये निम्मी-निम्मी विभागली गेली, तर दोन्हीकडे सुमारे उणे ५८३. म्हणजे भरीव गाठ धुरकट सावलीसारखी दिसते, नाहीतर नजरेतून सुटते. १ मिलिमीटरच्या स्लाइसपैकी एखादी मात्र गाठीच्या आतूनच जाते आणि आकडा खऱ्याच्या बराच जवळ येतो. म्हणूनच फ्लाइशनर सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना छातीच्या सीटीसाठी सलग, १.५ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ स्लाइस सुचवतात.

गैरसमज: मग सगळेच पातळ स्लाइसवर पाहावे.

वस्तुस्थिती: स्लाइस पातळ केली की तिच्या वाट्याला येणारे क्ष-किरणांचे कण कमी होतात आणि चित्र दाणेदार होते. या दाणेदारपणालाच नॉइज म्हणतात. जाडी एक चतुर्थांश केली, तर नॉइज साधारण दुप्पट होतो. गाठ आणि भोवतालचे हवेने भरलेले फुप्फुस यांच्यात जवळपास ९०० चा फरक असल्याने तिथे हे दाणे फारसे आड येत नाहीत. यकृतात गणित वेगळे आहे. कॉन्ट्रास्ट दिल्यावर यकृत ११० आणि डाग ९० असेल, तर फरक फक्त २० चा. ५ मिलिमीटरला नॉइज १० असेल, तर १.२५ मिलिमीटरला तो २० होईल, म्हणजे डागाच्या फरकाएवढाच. डाग १० मिलिमीटरचा असल्याने जाड स्लाइसमध्ये तो सरासरीत विरघळत नाही. उलट दाणे शमल्याने तो उठून दिसतो.

गैरसमज: पातळ स्लाइससाठी पुन्हा स्कॅन करावा लागतो.

वस्तुस्थिती: आजच्या मल्टिस्लाइस यंत्रांचे डिटेक्टर बहुधा अर्धा-पाऊण मिलिमीटरचेच असतात. जाडी ठरते ती नंतर, संगणकावर चित्र बांधताना. एकाच स्कॅनमधून फुप्फुसासाठी १ मिलिमीटरचा आणि यकृतासाठी ५ मिलिमीटरचा संच काढता येतो, आणि रेडिएशन तेवढेच राहते. पातळ स्लाइस एकत्र करून जाड बनवता येतात, पण जाड स्लाइसमधून पातळ निघत नाहीत. यंत्रावरचा कच्चा डेटा काही काळाने पुसला जातो. त्यानंतर हाती फक्त जाड संच उरला असेल, तर तपशील कायमचा गेला. रेडिएशन वाढते ते एका हट्टामुळे: पातळ स्लाइससुद्धा जाड स्लाइससारखी गुळगुळीत हवी. नॉइज निम्मा करायला डोस चौपट लागतो.

गैरसमज: इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शनने नॉइज जातो, तपशील तसाच राहतो.

वस्तुस्थिती: जुन्या फिल्टर्ड बॅक प्रोजेक्शन पद्धतीत मोजमापांवरून चित्र एका फेरीत बांधले जाते. इटरेटिव्ह पद्धतीत संगणक एक अंदाजी चित्र घेतो, त्यावरून यंत्राने काय मोजले असते ते काढतो, खऱ्या मोजमापाशी ताडतो आणि फरक दुरुस्त करत जातो. हे करताना ठळक कडा जपायच्या आणि बारीक चढउतार सपाट करायचे, असा नियम त्यात घातलेला असतो. गाठ आणि हवा यांची कड ठळक असल्याने ती टिकते. यकृतातला २० चा फरक मात्र नॉइजसारखाच दिसतो, म्हणून तोही सपाट होऊ शकतो. नॉइजचा आकडा निम्म्यावर आला म्हणून फिकट डाग दुप्पट स्पष्ट दिसेल असे नाही. या पद्धतीच्या भरवशावर डोस फार कमी केला, तर चित्र गुळगुळीत दिसूनही डाग हरवलेला असू शकतो. या पद्धतीची तीव्रता जास्त लावल्याची खूणही ओळखता येते: बारीक दाण्यांऐवजी मोठे, मेणासारखे ठिपके दिसतात आणि अवयव प्लॅस्टिकचे वाटतात. अशा वेळी तीव्रता कमी करून चित्र पुन्हा बांधून पाहतात.

जाडी आणि चित्र बांधण्याची पद्धत बदलली की चित्रही बदलते, म्हणून गाठ वाढली का हे ठरवताना दोन्ही स्कॅनमध्ये त्या सारख्याच असाव्या लागतात, नाहीतर बदललेल्या जाडीचा किंवा पद्धतीचा परिणाम गाठीतला बदल समजला जातो. छापील फिल्मवर सहसा निवडक जाड स्लाइसच असतात. पुढच्या तपासणीला जाताना पातळ संच असलेली सीडी सोबत न्यावी.