पत्र्याला येणाऱ्या मुंग्या

न्हाणीघरातील कपडे धुण्याच्या यंत्राच्या पत्र्यास ओला हात लागला, की कधी मुंग्या येतात. पुष्कळ घरांत त्याची सवयच होऊन जाते. वास्तविक ती अर्थिंग नसल्याची खूण असते. यंत्रातून पत्र्यावर येणारा अत्यल्प प्रवाह प्लगच्या जाड पिनेला जोडलेली तिसरी तार जमिनीत नेते. ती तार नसेल, तर तो माणसाच्या देहातून वाट काढतो. एवढ्याने जीव जात नाही. परंतु मोटारीत ओल शिरली, म्हणजे त्याच वाटेने प्राणघातक प्रवाह येऊ शकतो.

जुन्या घरांत सॉकेटला तिसरे छिद्र असते, पण मागे तारच नसते! कोणी कारागीर मग ते छिद्र न्यूट्रलशी जोडून मोकळा होतो. मुंग्या थांबतात, मापकावर दाबही योग्य दिसतो. पण पुढे कोठे न्यूट्रल तुटला, तर सारा पत्रा 230 व्होल्टांवर जातो. म्हणून मेन बंद करवून सॉकेट जाणत्या वायरमनकडून उघडून पाहावे, आणि 30 मिलिअँपिअरच्या गळतीस वीज तोडणारा आरसीसीबी बसवून घ्यावा.

सॉकेट नळापासून दूर, उंचावर असावे. सज्जात पावसाची झड येते. तेथे झाकणाचे सॉकेट घ्यावे व वायरीला खाली झोळ ठेवावा, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगपर्यंत न जाता झोळावरून ठिबकते.