वीज गेली, आठवण उरली

मोबाइल खिशात नुसता पडून असतो, तेव्हा त्याच्या चिपमधल्या कित्येक भागांची वीज तोडलेली असते. कारण काम नसतानाही ट्रान्झिस्टरमधून थोडी वीज झिरपतच राहते आणि बॅटरी उतरते. पण चिपमधला प्रत्येक फ्लिप-फ्लॉप एक शून्य किंवा एक सांभाळतो, आणि तोही वीज असेपर्यंतच. मग चालू काम विसरून जायचे का?

त्यावर तोड म्हणजे रिटेन्शन फ्लिप-फ्लॉप. याच्या पोटात आणखी एक छोटी कोठडी असते. तिला वेगळ्या वाहिनीतून अखंड वीज मिळते. तिचे ट्रान्झिस्टर मुद्दाम संथ निवडतात, कारण ते कमी झिरपतात.

समजा, चार फ्लिप-फ्लॉपमध्ये १००१, म्हणजे ९ हा आकडा आहे. आधी क्लॉकचे ठोके थांबतात. मग आकडा कोठडीत उतरतो. शेजारच्या जाग्या भागाकडे जाणाऱ्या वाटा अडवल्या जातात, म्हणजे विझत्या तारांवरचे अर्धवट संकेत तिकडे शिरत नाहीत. त्यानंतरच मुख्य वीज तुटते. उठताना क्रम असा: वीज स्थिर होते, आकडा परत येतो, वाटा उघडतात, ठोके सुरू होतात.

वीज पुरती चढण्याआधीच आकडा परत घेतला, तर ९ चे काहीही होऊ शकते. वीज एकदम सोडली, तर त्या ओघाने कोठडीचाही दाब क्षणभर खचतो आणि आठवण पुसली जाऊ शकते. म्हणून वीज टप्प्याटप्प्याने सोडतात. कोठडीला जागाही लागते. तेव्हा ज्यावाचून काम पुढे सरकणार नाही, तेवढेच जपतात.