ताप आला मंगळवारी, पण विषाणू शिरला केव्हा?
सर्दी व फ्ल्यूचा परिपाककाल : नंदाखालच्या घराघरांसाठी काही माहिती



पावसाळा सुरू झाला की आपल्या नंदाखाल परिसरात, किंबहुना साऱ्या वसई तालुक्यात, घरोघरी पडसे-खोकला व तापाची साथ येते. थंडीच्या अखेरीसही तिची दुसरी फेरी होत असते. घरात कोणी आजारी पडले की पहिला प्रश्न विचारला जातो, "काल काय केलेस?" काल पावसात भिजला होता, काल थंड सरबत प्याला होता, काल गर्दीच्या लोकलने आला होता. उत्तर बहुधा 'काल' या एकाच दिवसात शोधले जाते. परंतु रोगाचे बीज अनेकदा त्याही आधी पडलेले असते. ते पडल्यापासून पहिले लक्षण दिसेपर्यंतच्या मधल्या काळास वैद्यकात 'परिपाककाल' म्हणतात. हा काळ नीट मोजता आला तर आजार कोठून आला याचा बराचसा उलगडा होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरातील वृद्धांना केव्हा जपावे, हेही कळते. म्हणून या लेखात त्याचा विचार करू या.

या काळात शरीरात काय घडते?

फ्ल्यूचा विषाणू नाक-घशाच्या आतील अस्तराच्या पेशींना चिकटतो व आत शिरतो. त्या पेशीच्या यंत्रणेकडून तो आपल्या प्रती तयार करवून घेतो आणि काही तासांतच नवे विषाणू बाहेर पडून शेजारच्या पेशींत शिरतात. सुरुवातीला बाधित पेशी इतक्या थोड्या असतात की माणसाला काहीच जाणवत नाही. पुढे शरीराच्या संरक्षणव्यवस्थेला शत्रूची चाहूल लागते व ती प्रतिकारक द्रव्ये रक्तात सोडते. ताप, अंगदुखी, हुडहुडी व थकवा ही प्रामुख्याने या प्रतिकाराची लक्षणे आहेत. म्हणजे ताप हा लढाईचा आरंभ नसून ती रंगात आल्याची खूण आहे.

फ्ल्यूमध्ये हा काळ साधारणतः दोन दिवसांचा असतो. कमीत कमी एक व जास्तीत जास्त चार दिवस, अशी त्याची व्याप्ती धरतात. साध्या पडशाचा विषाणू याहूनही घाई करतो. काही जणांचा घसा दहा-बारा तासांतच खवखवू लागतो, तर बहुतेकांना दोन दिवसांच्या आसपास शिंका सुरू होतात. कोविडच्या पहिल्या लाटेत, म्हणजे 2020 साली, हा काळ सरासरी पाच दिवसांचा होता. ओमायक्रॉननंतर तो तीन-चार दिवसांवर आला.

हे आकडे आले कोठून?

विषाणू नक्की कोणत्या क्षणी शरीरात शिरला हे सहसा कोणालाच ठाऊक नसते. म्हणून शास्त्रज्ञांना तो क्षण ठाऊक असलेली उदाहरणे शोधावी लागली. इंग्लंडमधील सॉल्सबरी गावी 1946 पासून 1990 पर्यंत केवळ पडशाचा अभ्यास करणारी एक संस्था होती. तेथे निरोगी स्वयंसेवक दहा दिवस राहावयास येत. त्यांच्या नाकात विषाणूचे थेंब घालून लक्षणे केव्हा दिसतात याची नोंद ठेवली जाई. मात्र आल्याबरोबर थेंब घालत नसत. आधी काही दिवस त्यांना वेगळे ठेवून पाहत. कारण एखादा पाहुणा घरूनच पडशाचे बीज घेऊन आलेला असू शकतो. बाहेरून ठणठणीत दिसणारा माणूसही परिपाककालात असू शकतो, हे त्या शास्त्रज्ञांनी गृहीतच धरले होते.

दुसरे उदाहरण अपघाताने मिळाले. मार्च 1977 मध्ये अमेरिकेच्या अलास्का प्रांतात 54 माणसे असलेले एक विमान इंजिनातील बिघाडामुळे सुमारे तीन तास जमिनीवरच उभे राहिले. बहुतेक प्रवासी आतच बसून होते व त्यांच्यातील एकाला फ्ल्यू झाला होता. पुढील 72 तासांत दर शंभरांतील 72 प्रवासी ताप-खोकल्याने आजारी पडले. जे विमानात अधिक वेळ बसले त्यांच्यात आजाराचे प्रमाणही अधिक होते. संसर्गाची वेळ ठाऊक असल्यामुळे तेथे परिपाककाल जवळजवळ घड्याळ लावून मोजता आला.

मुंबई, जून 1918

आपल्या अगदी शेजारी या मोजणीचा प्रश्न एका मोठ्या वादात उभा राहिला होता. पहिल्या महायुद्धाहून परतणाऱ्या सैनिकांना घेऊन एक जहाज मे 1918 च्या अखेरीस मुंबई बंदराला लागले. 10 जून रोजी सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांपैकी एकाची नेमणूक गोदीवर होती. हा ताप हिवतापाचा नव्हता. पाठोपाठ गोदी व बंदरातील कामगार आजारी पडू लागले. शहराचे आरोग्य अधिकारी डॉ. टर्नर यांचे म्हणणे असे होते की रोग जहाजाने आणला. सरकारी पक्षाचे म्हणणे उलट होते; जहाजावरील लोकांनाच तो मुंबईत लागला.

आज आपण दिवस मोजून पाहू. मेअखेर ते 10 जून हे अंतर सुमारे दहा दिवसांचे आहे. फ्ल्यूचा परिपाककाल चार दिवसांहून सहसा अधिक नसतो. म्हणजे रोग जहाजावरून आला असे मानले, तरी त्या दिवसांत जहाजावरील रुग्णाकडून थेट बाधा झालेला शिपाई जूनच्या पहिल्या आठवड्यातच अंथरुणाला खिळला असता. मधे किमान एक, बहुधा दोन-तीन माणसांची साखळी असली पाहिजे. ती माणसे शहरात हिंडत होती आणि त्यांची नोंद कोणी केली नाही. हा हिशेब दोन पक्षांपैकी कोण खरे हे ठरवू शकत नाही. परंतु पहिला रुग्ण रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच रोग शहरात काही पावले चालून गेला होता, एवढे तो सांगतो. मुंबईहून तो आगगाडीच्या मार्गाने देशभर पसरला. त्याच वर्षीच्या शरद ऋतूतील दुसरी लाट भीषण ठरली. 6 ऑक्टोबर 1918 या एकाच दिवशी मुंबईत 768 मृत्यूंची नोंद झाली.

आपल्या घरातील हिशेब

आता हीच मोजणी नंदाखालच्या एका घरात करून पाहू. घर कल्पित आहे, पण प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. रविवारी नात्यातील लग्न झाले. आई व सात वर्षांचा मुलगा लग्नाला गेले. वडिलांना कामावर जावे लागल्याने ते जाऊ शकले नाहीत. ते रोज विरारहून चर्चगेटला जातात. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी घरीच होत्या. सोमवारी मुलगा पावसात भिजला. मंगळवारी सकाळी आई व मुलगा दोघांनाही ताप आला. शुक्रवारी वडील आणि आजी आजारी पडले.

घरातील मंडळी म्हणतील, पोर भिजले व त्याने साऱ्यांना आजारी पाडले. दिवस मात्र वेगळे सांगतात. आई भिजली नव्हती, तरी ती त्याच दिवशी आजारी पडली. एका घरातील दोन माणसे एकाच दिवशी तापली, तर बहुधा एकाकडून दुसऱ्याला लागण झालेली नसते. दोघांना ती बाहेरच्या एकाच ठिकाणी झालेली असते. मंगळवारपासून दोन दिवस मागे गेले की रविवार येतो, म्हणजे लग्नघर. याउलट दोघांच्या आजारात दोन ते चार दिवसांचे अंतर असेल, तर पहिल्याकडून दुसऱ्याला रोग लागला असण्याची शक्यता मोठी असते. आजी घराबाहेर पडल्या नाहीत, तेव्हा त्यांना तो घरातूनच लागला. वडिलांच्या बाबतीत मात्र निश्चित सांगता येत नाही. घराइतकीच लोकलची गर्दीही संभवते. परिपाककाल ठरावीक नसून एक ते चार दिवसांचा आहे. त्यामुळे ही मोजणी काही शक्यता खोडून काढते, परंतु एका माणसाकडे बोट दाखविण्याइतका पुरावा देत नाही.

या हिशेबातील सर्वांत महत्त्वाचा दिवस सोमवार आहे. फ्ल्यूचा रुग्ण लक्षणे दिसण्यापूर्वी सुमारे एक दिवस आधीपासून विषाणू पसरवू शकतो. मुलगा सोमवारी आजीजवळ बसून जेवला असेल, तर तो खेळकर व निरोगी दिसत असतानाही त्यांना धोका होता. म्हणून मंगळवारी मुलाला वेगळ्या खोलीत ठेवणे योग्य असले, तरी आजी सुरक्षित झाल्या असे समजू नये. रुग्णाशी अखेरचा निकटचा संबंध आल्यापासून चार दिवस त्यांच्यावर लक्ष ठेवावे. वृद्धांना फ्ल्यूमध्ये मोठा ताप येईलच असे नाही. जेवण नकोसे होणे, एकाएकी अशक्तपणा येणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे हीच पहिली खूण असू शकते.

अशी खूण दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे व घरात कोण, केव्हा आजारी पडले ते तारखेसह सांगावे. फ्ल्यूवरील ओसेल्टामिविर हे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत सुरू केल्यास अधिक उपयोगी पडते. वृद्ध, गर्भवती, तसेच दमा, मधुमेह वा हृदयविकार असलेल्या रुग्णांसाठी डॉक्टर त्याचा लवकर विचार करतात. "तीन दिवस वाट पाहू" ही आपली सवय येथे महागात पडते. धाप लागणे, छातीत दुखणे किंवा ओठ निळसर होणे ही लक्षणे दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

मुलाने शाळेत किंवा धर्मशिक्षणाच्या वर्गात केव्हा जावे? तापाचे औषध न घेता पूर्ण एक दिवस ताप आला नाही, तर जाण्यास हरकत नाही. तथापि लक्षणे सुरू झाल्यापासून पाच ते सात दिवस, व लहान मुलांत त्याहूनही अधिक काळ, थोडाफार विषाणू बाहेर पडत असतो. म्हणून त्या आठवड्यात आजीच्या कुशीत झोपणे टाळावे. आजारी व वृद्धांना घरोघरी पवित्र कम्युनियन नेणाऱ्यांनीही आपल्या घरात कोणाला ताप असल्यास चार दिवस ते काम दुसऱ्याकडे सोपवावे, हे उत्तम.

पावसात भिजण्याविषयी शेवटी एक खुलासा. पावसाच्या पाण्यातून फ्ल्यू होत नाही. विषाणू माणसाकडूनच येतो. पुष्कळदा असे घडते की परिपाककाल संपत आलेला असताना अंगात हुडहुडी भरते आणि आपण म्हणतो, "गारठा लागला, म्हणून ताप आला." वास्तविक तो गारठा हेच आजाराचे पहिले लक्षण असते. यापुढे घरात ताप आला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती तारीख लिहून ठेवावी व मागे एक ते चार दिवस मोजावेत. नंतर पुढेही चार दिवस मोजावेत. मागची मोजणी रोग कोठून आला असावा हे सुचवील. पुढची मोजणी आता कोणाला जपायचे ते सांगेल, आणि अधिक काळजीपूर्वक करावयाची मोजणी ती हीच.